मोबाइलच्या डोक्यावरची ओळ

मोबाइलच्या पडद्यावर सगळ्यात वर एक बारीक पट्टी असते. वेळ, नेटवर्कच्या काड्या, वायफायचा पंखा, बॅटरी आणि अधूनमधून उगवणारी चित्रविचित्र चिन्हं असा तिचा संसार असतो. तिला स्टेटस बार म्हणतात. दिवसभरात आपण तिच्याकडे असंख्य वेळा बघतो, पण वाचतो फक्त वेळ. बाकीची चिन्हं काय सांगतात हे ठाऊक नसेल तर ती सगळी गर्दीच वाटते. मग बॅटरी संपत आल्याचं फोन बंद पडल्यावर कळतं, आणि ‘नेट चालत नाही’ एवढंच म्हणता येतं. का चालत नाही ते सांगता येत नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये या पट्टीचे दोन भाग असतात आणि ते वेगवेगळे ओळखता आले की निम्मा गोंधळ मिटतो. डाव्या बाजूला, वेळेच्या शेजारी, ॲप्सनी पाठवलेल्या सूचनांची चित्रं येतात: व्हॉट्सॲपचा निरोप, बँकेचा मेसेज, हवामान, कुठल्याशा दुकानाची सवलत. सूचना बोटाने बाजूला सारली की तिचं चित्रही जातं. उजव्या बाजूला फोन स्वतःविषयी बोलतो: नेटवर्क आहे का, ब्लूटूथ चालू आहे का, गजर लावलाय का, बॅटरी किती आहे. ही चिन्हं सारून जात नाहीत, कारण ती निरोप नसून फोनची त्या क्षणाची अवस्था आहे. डावीकडे चित्रांच्या शेवटी नुसता एक ठिपका दिसला, तर आणखी सूचना आहेत पण दाखवायला जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण बहुतेकांना पहिली सुधारणा तिथेच हवी असते. नुसत्या चित्रावरून 40 टक्के आणि 25 टक्के यातला फरक डोळ्यांना कळत नाही. आकडा दिसायला हवा असेल तर साध्या अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये बॅटरी या भागात त्याचं बटण असतं. काही कंपन्या ते नोटिफिकेशन आणि स्टेटस बार या भागात ठेवतात, आणि अपडेट आलं की जागा बदलतातही. म्हणून वाट पाठ करण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधपेटीत `battery percentage` असं टाइप करावं. बहुतेक फोनमध्ये थेट ते बटणच समोर येतं. काही फोन आणखी एक प्रश्न विचारतात: आकडा बॅटरीच्या चित्राच्या आत हवा की शेजारी? आतला आकडा जागा वाचवतो, शेजारचा मोठा दिसतो. चष्मा लागलेल्यांनी शेजारचाच घ्यावा.

आयफोनवाल्यांना या आकड्यासाठी बरीच वाट पाहावी लागली. 2017 साली आयफोन टेनवर पडद्याच्या माथ्यावर खाच आली, पट्टीची जागा दोन कोपऱ्यांत वाटली गेली आणि टक्क्यांना जागाच उरली नाही. पाच वर्षं लोक पट्टी खाली ओढून टक्के बघत होते. 2022 च्या आयओएस 16 मध्ये आकडा चित्राच्या आत बसवून परत आणला गेला. तिथेही तो सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागातच चालू करायचा असतो. आयफोनची बॅटरी पिवळी दिसली तर घाबरू नये. लो पॉवर मोड चालू आहे, एवढंच. लाल मात्र खरोखरच संपत आल्याची खूण.

आकडा दिसायला लागला की त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हा पुढचा प्रश्न. बॅटरीत किती वीज उरली आहे हे थेट मोजण्याची सोय नसते. फोनमधली एक छोटी चिप बॅटरीत किती वीज आली आणि किती गेली याचा हिशोब ठेवते, सोबत व्होल्टेज बघते आणि दोन्हींवरून अंदाज बांधते. लिथियम बॅटरीचं व्होल्टेज मधल्या बऱ्याच टप्प्यात फारसं हलत नाही, त्यामुळे 60 टक्के आणि 50 टक्के यातला फरक नुसत्या व्होल्टेजवरून सांगणं अवघड असतं. शेवटच्या टप्प्यात मात्र ते झपाट्याने घसरतं. नवा फोन हा हिशोब नीट जमवतो. बॅटरी जुनी झाली की तिची धारणशक्ती घटते, अंतर्गत रोध वाढतो, आणि कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉलसारखं जड काम सुरू होताच व्होल्टेज एकदम दबतं.

म्हणूनच जुना फोन 18 टक्क्यांवर अचानक मान टाकतो, आणि चार्जर लावून सुरू केला की लगेच पुन्हा 14-15 टक्के दाखवतो. वीज शिल्लक होती, पण थकलेली बॅटरी ती एकदम देऊ शकली नाही. असं पुन्हापुन्हा होत असेल तर बॅटरी बदलायची वेळ आली आहे. पट्टीवरचा आकडा नुसताच उड्या मारत असेल, पण फोन बंद पडत नसेल, तर एकदा पूर्ण उतरवून एकदा पूर्ण भरल्याने चिपचा हिशोब जुळायला मदत होते. ते सारखं करू नये, पूर्ण उतरवणं बॅटरीला मानवत नाही. आणि रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी 80 वरच थांबलेला दिसला, तर चार्जरला दोष देण्याआधी बॅटरी संरक्षणाची सोय चालू आहे का ते पाहावं. हल्लीचे बरेच फोन बॅटरीचं आयुष्य वाढवायला मुद्दाम तिथे थांबतात.

आता नेटवर्क. काड्यांवर लोकांचा फार भरवसा, पण किती सिग्नलला किती काड्या याचं सगळ्यांना बांधील असं प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने काड्या दाखवते. 2010 मध्ये आयफोन फोरच्या वेळी ॲपलनेच जाहीर कबूल केलं होतं, की काड्या ठरवण्याचं आपलं सूत्र चुकीचं होतं आणि फोन असायला हव्यात त्यापेक्षा जास्त काड्या दाखवत होता. तेव्हा शेजारच्याच्या फोनवर चार आणि आपल्या फोनवर दोन काड्या म्हणजे आपलाच फोन खराब, असं होत नाही. खरा आकडा हवा असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. तो आकडा ऋण असतो: 4G वर उणे 85 उत्तम, उणे 115 म्हणजे रडतखडत.

काड्यांपेक्षा त्यांच्या शेजारची अक्षरं अधिक बोलकी असतात. 4G किंवा LTE म्हणजे चौथ्या पिढीचं नेटवर्क, H किंवा H+ म्हणजे तिसऱ्या पिढीचं, आणि E म्हणजे दुसऱ्या पिढीचं, एजचं. घाटात किंवा आडवाटेच्या गावात 4G चं E झालं की काड्या भरलेल्या असल्या तरी यूपीआयचं चक्र फिरतच राहतं. काड्या ताकद सांगतात, अक्षर वेग सांगतं. E दिसत असताना पैसे पाठवायला जाऊ नये. मध्येच अडकलेला व्यवहार निस्तरण्यापेक्षा थोडं पुढे जाऊन 4G येण्याची वाट पाहणं परवडतं.

याच अक्षरांवरून सुटलेली एक तक्रार सांगतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या फोनवर, फोन आला की इंटरनेट बंद पडायचं. भाचीशी बोलता बोलता तिने पाठवलेला फोटो उघडायचा नाही. कॉल संपला की थोड्या वेळाने आपोआप उघडायचा. सिम एअरटेलचं, घरात 4G भरपूर. मी त्यांना म्हटलं, “काकू, मी आता तुम्हाला फोन लावतो, तुम्ही उचला आणि वरची अक्षरं बघत राहा.” फोन उचलताच 4G गेलं आणि E आलं. शिवाय कॉल नसतानाही त्यांच्या पट्टीवर VoLTE हे चिन्ह कुठेच नव्हतं, आणि खरी गोम तिथेच होती.

4G मुळात फक्त इंटरनेटसाठी बांधलेलं जाळं आहे. त्यावरून आवाजी कॉल करायची सोय म्हणजे VoLTE. काही फोन ती HD या अक्षरांनी दाखवतात. ती बंद असेल तर कॉलसाठी फोनला 4G सोडून जुन्या जाळ्यावर उतरावं लागतं. एअरटेलने आपलं 3G गुंडाळलेलं असल्याने तो थेट 2G वर उतरतो, आणि तिथे कॉल चालू असेपर्यंत इंटरनेट जवळपास थांबतंच. काकूंच्या फोनमध्ये सिमच्या सेटिंग्जमध्ये VoLTE चं बटण कुणीतरी बंद केलेलं होतं. ते चालू केलं, मिनिटाभरात पट्टीवर चिन्ह उमटलं आणि पुढच्या कॉलला 4G जागचं हललं नाही. जिओवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. 2016 मध्ये सुरू झालेल्या जिओकडे 2G आणि 3G मुळातच नाही. त्यामुळे जिओच्या 4G सिमवर E कधी दिसत नाही, पण VoLTE बंद असेल तर साधा कॉलच लागत नाही.

5G या अक्षरांबद्दलही थोडं. भारतात 5G सेवा 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. जिओने स्वतंत्र 5G जाळं उभारलं, तर एअरटेलने सुरुवातीला 4G च्या आधाराने चालणारं. या दुसऱ्या प्रकारात फोन 4G च्या मनोऱ्याशी जोडलेला असतो आणि मनोरा ‘इथे 5G ची सोय आहे’ असं कळवतो. तेवढ्या कळवण्यावरही अनेक फोन 5G लिहून मोकळे होतात, मग प्रत्यक्ष डेटा 4G वरून येत असला तरी. म्हणून वर 5G आणि खाली अडखळणारा व्हिडिओ असं दृश्य दिसलं तर फोन खोटारडा आहे असं नाही, तो जरा आशावादी आहे.

वायफायच्या पंख्याबाबत नेहमी होणारी गफलत वेगळी आहे. तो पंखा फोन आणि घरातला राउटर यांच्यामधल्या अंतराबद्दल बोलतो, राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही याबद्दल नाही. ते सांगायला पंख्याशेजारी छोटं उद्गारचिन्ह येतं. वायफायला जोडल्यावर अँड्रॉइड फोन गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारून बघतो आणि ठरलेलं उत्तर आलं नाही तर ते चिन्ह दाखवतो. भरलेला पंखा आणि सोबत उद्गारचिन्ह असेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये किंवा न भरलेल्या बिलात शोधावा. फोन बंद-चालू करून काही होणार नाही.

आता गर्दी कमी करण्याकडे येऊ. काकूंच्या फोनवर उजवीकडे ब्लूटूथ, NFC चं N, गजराचं घड्याळ, व्हायब्रेशन, दोन सिमच्या दोन काड्या, वायफाय आणि इंटरनेटचा वेग दाखवणारा सतत बदलणारा आकडा, एवढं होतं. या दाटीत बॅटरीचा आकडा मावत नव्हता. चिन्ह लपवण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ही गोष्ट चालू असायची गरज आहे का? NFC काकू कधीच वापरत नव्हत्या. ते बंद केलं, N गेलं. ब्लूटूथचा इअरफोन मुलगा घेऊन गेला होता; तेही बंद केलं. दुसरं सिम रिचार्जअभावी केव्हाच निष्प्राण झालेलं, ते सिम सेटिंग्जमध्ये बंद केल्यावर त्याच्या काड्या गेल्या. राहिला वेगाचा आकडा. तो स्टेटस बारच्या सेटिंग्जमध्ये `network speed` या नावाच्या बटणाने जातो. एवढ्यावर पट्टी मोकळी झाली आणि एकही चिन्ह लपवावं लागलं नाही. गजराचं घड्याळ मुद्दाम राहू दिलं. पहाटेचा गजर लावलाय की नाही हे रात्री एका नजरेत कळतं.

वेगाच्या आकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नेट बिघडलं तर तपासायला चालू करावा, एरवी बंद ठेवावा. सतत फडफडणारा आकडा डोळ्याला उगाच ओढतो.

डावीकडच्या सूचनांसाठी उपाय वेगळा. सॅमसंगच्या फोनवर नोटिफिकेशनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये सगळी चित्रं, फक्त ताजी तीन, फक्त संख्या किंवा काहीच नको, असे पर्याय मिळतात. बहुतेकांना ताजी तीन पुरतात. इतर फोनवर नको असलेल्या सूचनेवर बोट दाबून धरावं आणि ती `Silent` करावी. मग नोटिफिकेशनच्या सेटिंग्जमध्ये मूक सूचना स्टेटस बारवर न दाखवण्याचं बटण असेल तर ते चालू करावं. सूचना यादीत येत राहते, पण वर चित्र काढत नाही आणि आवाजही करत नाही.

हौशी मंडळींसाठी एक आडवाटही आहे. 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये सिस्टिम यूआय ट्यूनर नावाचा छुपा विभाग होता. झटपट बटणांच्या पट्टीवरचं दातेरी चाक दाबून धरलं की तो उघडायचा आणि एकेक चिन्ह बंद करता यायचं. अँड्रॉइड 9 पासून ती वाट बंद झाली, पण आतली सोय बऱ्याच फोनमध्ये शिल्लक आहे. फोनचा यूएसबी डीबगिंग पर्याय चालू करून, संगणकाला जोडून, ही ओळ दिली की गजर आणि NFC ची चिन्हं लपतात:

```
adb shell settings put secure icon_blacklist alarm_clock,nfc
```

प्रत्येक नवी ओळ जुनी यादी पुसून टाकते, म्हणून जे जे लपवायचं ते एकाच ओळीत स्वल्पविरामाने, मध्ये जागा न सोडता लिहावं. सगळं पूर्ववत करायला:

```
adb shell settings delete secure icon_blacklist
```

कंपन्यांनी आपापले बदल केलेल्या फोनवर हे चालेलच असं नाही. काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग आठवणीने बंद करावं. ते चालू असेल तर बँकांची काही ॲप्स उघडायलाच नकार देतात. आणि हे लक्षात असू द्यावं, की चिन्ह लपवल्याने ती गोष्ट बंद होत नाही. NFC चालूच राहतं, फक्त दिसत नाही. मला विचाराल तर सामान्य माणसाने या वाटेला जाण्याचं कारण नाही. आयफोनवर तर अशी वाटच नाही. तिथे चिन्ह घालवायचं म्हणजे ती सोय बंद करायची.

काही चिन्हं मात्र कितीही गर्दी झाली तरी लपवू नयेत. पहिलं उजव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका. 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून कुठलंही ॲप माइक किंवा कॅमेरा वापरत असेल तेव्हा तो उमटतो. आयफोनवर हिरवा म्हणजे कॅमेरा आणि नारिंगी म्हणजे माइक. कॉल चालू असताना तो दिसणं रास्तच आहे. कॉल संपून, सगळं बंद करूनही तो तसाच असेल तर पट्टी खाली ओढून त्यावर बोट ठेवावं. माइक कोण वापरतंय त्या ॲपचं नाव समोर येतं.

दुसरं चिन्ह किल्लीचं. किल्ली म्हणजे फोनचं सगळं इंटरनेट एखाद्या VPN मधून जातंय. ऑफिसने दिलेल्या फोनवर ते नेहमीचंच, जाहिराती अडवणारी काही ॲप्सही हीच युक्ती वापरतात. पण आपण असं काही घातल्याचं आठवत नसेल तर सेटिंग्जमध्ये VPN शोधून ते कुठल्या ॲपचं आहे ते पाहावं, आणि ओळखीचं नसेल तर ॲपच काढून टाकावं.

तिसरं, पडदा दुसरीकडे दिसत असल्याचं चिन्ह: चौकोनाच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या लहरी. टीव्हीवर फोन दाखवताना ते येतं. पण एखादं ॲप पडदा टिपत असेल किंवा दूर कुणाला दाखवत असेल, तेव्हाही बहुतेक फोनवर याच प्रकारची खूण येते. केवायसी करून देतो, रिफंड मिळवून देतो असं सांगून एक ॲप घ्यायला लावायचं, पडदा बघायचा आणि ओटीपी वाचायचा ही फसवणुकीची पद्धत इतकी रुळली, की रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच अशा ॲप्सबद्दल इशारा दिला होता. समोरचा बोलतोय आणि वर ही खूण दिसतेय, तर त्याच्याशी वाद घालत बसू नये. फोन कट करावा, इंटरनेट बंद करावं, ते ॲप काढावं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक 1930 आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.